तीन टेस्टचा मीडियन हीच फायनल ग्रेड असेल तर शेवटच्या टेस्टमध्ये किती मार्क हवेत?

प्रश्न: "आमच्या सरांनी सांगितलंय की तीन टेस्टच्या मार्कांचा मीडियन तीच फायनल ग्रेड. सगळ्या टेस्ट 100 मार्कांच्या. मला पहिल्या दोनमध्ये 58 आणि 74 पडलेत. फायनल 70 यायला शेवटच्या टेस्टमध्ये किती हवेत? 95 पाडले तर 80 पर्यंत जाईल का? एक्सेलमध्ये आत्ता 66 दाखवतंय, ते काय आहे?"

उत्तर:

70 हवे असतील तर शेवटच्या टेस्टमध्ये निदान 70 लागतील, त्याहून एकही कमी चालणार नाही. 80 मात्र आता होऊ शकत नाही, 95 सोडा, 100 पैकी 100 पडले तरी फायनल 74 च राहणार.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते आणि मीडियन, म्हणजे आपल्या दहावीच्या पुस्तकातला मध्यक, काढायला सगळ्यांना येतो, पण उलटा प्रश्न आला की बहुतेक जण सवयीने सरासरीचं गणित मांडतात. तुमच्या बाबतीत ते असं होतं: तीन टेस्टची सरासरी 70 म्हणजे एकूण 210, त्यातून 58 आणि 74 चे 132 वजा केले की उरतात 78. म्हणजे सरासरी असती तर 78 लागले असते. मीडियनमध्ये बेरीज कुठेच येत नाही त्यामुळे 78 हा आकडा डोक्यातून काढूनच टाका.

आता कागदावर एक आडवी रेघ ओढा, तिच्यावर 58 आणि 74 च्या खुणा करा आणि तिसरा मार्क कुठे पडतो ते बघा. 40 पडले तर क्रम होतो 40, 58, 74 आणि मधला 58. 65 पडले तर 58, 65, 74, मधला 65. 70 पडले तर मधला 70. 95 पडले तर 58, 74, 95 आणि मधला 74. म्हणजे तिसरा मार्क दोन खुणांच्या मधे असेल तर तोच तुमची ग्रेड, खाली गेला तर 58 आणि वर गेला तर 74. पहिल्या दोन टेस्टनीच तुमची खालची आणि वरची हद्द ठरवून टाकलीये, शेवटची टेस्ट फक्त त्या हद्दीत तुम्ही कुठे उभे राहता तेवढंच ठरवते. 74 च्या पुढचा प्रत्येक मार्क ग्रेडच्या दृष्टीने वाया आणि 58 च्या खालच्या कुठल्याच मार्कात काही फरक नाही, अगदी 0 पडला तरी 58 आहेतच. हे सरासरीपेक्षा किती वेगळं आहे ते 95 वरून कळतं, सरासरी काढली असती तर साधारण 75.67 झाली असती आणि इथे मात्र 74 वरच अडकलं.

हेच दुसऱ्या बाजूने लक्षात ठेवायचं असेल तर: जी ग्रेड हवी तिच्याइतके किंवा तिच्याहून जास्त मार्क तीनपैकी निदान दोन टेस्टमध्ये हवेत. मला हे वाक्य जास्त आवडतं कारण ते टेस्ट सुरू व्हायच्या आधीपासून वापरता येतं. 70 साठी तुमच्याकडे 74 ही एक टेस्ट आहे, अजून एक हवी, म्हणून शेवटच्यात 70. 80 साठी तुमच्याकडे एकही नाही आणि टेस्ट एकच उरलीये, म्हणून जमत नाही. आणि एखाद्याला पहिल्या दोन्हीत 72, 72 असतील तर त्याचे 72 पक्के, त्याने शेवटच्या टेस्टमध्ये काहीही केलं तरी ते हलणार नाहीत.

आता एक्सेलचे 66. तिसऱ्या टेस्टचा रकाना अजून रिकामा आहे ना? `MEDIAN` रिकामे रकाने मोजतच नाही, मग दोनच आकडे उरतात, आणि आकडे दोन (किंवा सम संख्येत) असले की मीडियन म्हणजे मधल्या दोघांची सरासरी, 58 आणि 74 ची 66. ही तुमची "आत्ताची ग्रेड" वगैरे काही नाही, तिच्यावरून अंदाज बांधू नका, कारण तिसऱ्या टेस्टमध्ये 60 पडले तर ती सरळ 60 वर येईल.

यात एक गोष्ट मला खरंच खटकते आणि ती तुम्ही सरांना विचारायला हवी. गैरहजर मुलाच्या रकान्यात बरेच जण AB लिहितात. तो मजकूर आहे, आकडा नाही, म्हणून `MEDIAN` तोही सोडून देतं. म्हणजे तुमच्यासारखेच 58 आणि 74 असलेला मुलगा शेवटच्या टेस्टला आलाच नाही तर त्याला 66 आणि तुम्ही येऊन 60 पाडले तर तुम्हाला 60. कोणी मुद्दाम करत नाही पण शीट तसं करते आणि एवढ्या आकड्यांत ते कोणाला दिसतही नाही. गैरहजर म्हणजे 0 असा नियम असेल तर रकान्यात 0 च टाकायला हवा, मग त्याचे 58 होतात. आणि मार्क भरायचे राहिले असतील तर ग्रेड दाखवूच नये, त्यासाठी एवढं पुरे (मार्क B, C, D रकान्यांत धरून):

```
=IF(COUNT(B2:D2)=3, MEDIAN(B2:D2), "बाकी")
```

`COUNT` फक्त आकडे मोजतं, त्यामुळे रिकामा रकाना असो नाहीतर AB, दोन्ही पकडले जातात.

टेस्ट वेगवेगळ्या मार्कांच्या असत्या तर आधी सगळे 100 वर आणावे लागले असते, 25 पैकी 16 म्हणजे 64 असे, नाहीतर लहान टेस्ट कायम तळाशी जाऊन बसते. तुमच्या सगळ्या 100 च्या आहेत म्हणजे तो प्रश्न नाही. पण शेवटच्या टेस्टमध्ये पास होण्यासाठी वेगळी किमान मार्कांची अट आहे का ते मात्र विचारून घ्या, कारण तशी अट असेल तर मी वर म्हटलेलं "0 पडला तरी 58" लागू पडत नाही.

आणि पुढची ग्रेड 75 पासून सुरू होत असेल तर तुमची अडचण शेवटची टेस्ट नाहीये, ते 74 आहेत. दुसऱ्या टेस्टचा पेपर मागून घ्या, बेरीज स्वतः करून बघा, एखादा प्रश्न तपासायचा राहिलाय का ते बघा. तिथे खरोखर एक मार्क मिळायचा राहिला असेल आणि तो वाढला तर वरची हद्द 75 होते, आणि मग शेवटच्यात 75 पाडले की ती ग्रेड तुमची. 74 तसेच राहिले तर शेवटच्या टेस्टला 70 ते 74 च्या मधे यायचं एवढंच हातात आहे, आणि त्यात तुम्ही 74 च धरून अभ्यास करा म्हणजे चार मार्क इकडेतिकडे झाले तरी 70 सुटणार नाहीत.