अंगठी एक, आकडे दोन

प्रश्न : आई गेल्यानंतर तिची हिऱ्याची अंगठी आम्हा तिघा भावंडांत वाटायची आहे. अंगठी मला ठेवायची आहे, दोघा भावांना त्यांच्या वाट्याचे पैसे देईन. एका सराफाने नुसती बघून एक आकडा सांगितला, दुसऱ्याने त्याच्या निम्म्याहून कमी. लेखी मूल्यांकनाची फी मोठ्या आकड्याच्या साधारण दीड टक्का पडते. एवढा खर्च करावा, की दोन आकड्यांची सरासरी काढून मोकळं व्हावं?

उत्तर : सरासरी काढू नका. दोघांपैकी कुणीतरी चुकलाय असंही धरून चालू नका. बहुतेक वेळा अशा दोन आकड्यांमागे दोन वेगळे प्रश्न असतात. पहिल्याने सांगितलं असणार, ‘अशी अंगठी आज दुकानातून नवीन घ्यायला किती पडतील’. त्यात दुकानदाराचा नफा आणि घडणावळ दोन्ही धरलेलं असतं. दुसऱ्याने सांगितलं, ‘मी आज तुमच्याकडून घेतली तर किती देईन’. त्याला ती पुढे विकायची आहे, तोवर पैसा अडकवायचा आहे, म्हणून त्याने मोडीचा हिशेब लावला. भावंडांतल्या वाटणीला यातला एकही आकडा नीट बसत नाही. तुम्हाला हवं ते तिसरंच : घाई नसलेला, वस्तूची माहिती असलेला एक माणूस तशाच दुसऱ्या माणसाला ही वापरलेली अंगठी कितीला विकेल. याला रास्त बाजारमूल्य म्हणतात आणि ते सहसा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतं. मात्र ते नेमकं मधोमध येईल असं मानायला काहीच आधार नाही.

फीचा प्रश्न आकड्यांत मांडून बघा. मोठा आकडा १०० धरला आणि लहान ४५, तर फी १.५. पहिला आकडा मानला तर प्रत्येक भावाला तुम्ही ३३ द्याल, दुसरा मानला तर १५. म्हणजे एकेका भावामागे १८चा फरक आहे आणि तो मिटवायला तिघांत मिळून दीड खर्च येतो, माणशी अर्धा. १०० धरून वाटणी केलीत तर दोघांना मिळून ६६ दिले आणि हाती राहिली ती कदाचित ५५ला विकली जाणारी वस्तू, असं होईल. ४५ धरलंत तर काही वर्षांनी एखादा भाऊ विचारेल की तुला स्वस्तात कशी मिळाली, आणि तुमच्याकडे दाखवायला कागद नसेल. या गणितात फी परवडते. पण कागद योग्य प्रकारचा असेल तरच. त्याकडे वळण्याआधी तोंडी अंदाज एवढा का हलतो, ते पाहू.

अंगठीतला हिरा काढून वजन काट्यावर केल्याशिवाय कुणालाच त्याचं खरं वजन कळत नाही. बसवलेल्या गोल हिऱ्याचं वजन मोजमापावरून काढतात : व्यास × व्यास × खोली × ०.००६१. मापं मिलिमीटरमध्ये घ्यायची, उत्तर कॅरटमध्ये येतं. समजा खोली ३.९ आहे. व्यास ६.४ मोजला तर वजन ०.९७ कॅरट येतं. तोच ६.५ मोजला तर १.०० ओलांडतं. मधला फरक एक दशांश मिलिमीटर, म्हणजे काउंटरवर हाताने धरलेल्या मापपट्टीने सहज होणारी चूक. आणि एक कॅरट हा या धंद्यातला उंबरठा आहे. तो ओलांडला की वजनच तेवढं वाढतं असं नाही, दर कॅरटमागची किंमतही वर उडी घेते. मागून बंद असलेल्या कोंदणात तर खोली मोजताच येत नाही, ती अंदाजानेच धरावी लागते.

रंगाचंही असंच. पिवळ्या सोन्यात बसवलेल्या हिऱ्यात सोन्याची झाक उतरते, त्यामुळे एखादी पायरी इकडेतिकडे होते. आतले दोष हिरा धरून ठेवणाऱ्या नखांखाली लपू शकतात. त्यातही सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे हिरा खाणीतला आहे की प्रयोगशाळेत घडवलेला, हे न पाहता बोलणं. दुकानात हिऱ्याला टेकवतात ती साधी उष्णतेवर चालणारी पेन दोन्हींना ‘हिरा’च म्हणते, कारण दोन्ही खरोखर हिरेच असतात. मॉइसनाइट हा हिराच नसलेला खडासुद्धा त्या पेनला अनेकदा चकवतो. घडवलेला हिरा ओळखायला वेगळी उपकरणं लागतात आणि ती प्रत्येक काउंटरवर नसतात. घडवलेल्या हिऱ्याची किंमत खाणीतल्यापेक्षा कितीतरी कमी असते, त्यामुळे इथली चूक थोड्या टक्क्यांची नसते, सगळा आकडाच कोलमडतो.

जाणकार माणसाला हे सगळं ठाऊक असतं. तो तोंडी सांगतो तेव्हा वाक्यात अटी असतात : ‘नैसर्गिक असेल, वजन एकच्या वर भरलं आणि आत मोठा दोष नसेल, तर अमुक’. घरी पोचेपर्यंत तीनही अटी गळून पडतात आणि ‘अमुक’ तेवढं उरतं. तिघांपैकी एकच जण दुकानात गेला असेल तर उरलेल्या दोघांच्या कानी निव्वळ आकडा येतो. तोंडी मताची खरी अडचण हीच आहे. सांगणारा बेफिकीर असतो असं नाही, पण त्याच्या अटी टिकवून ठेवणारं काही नसतं. आणि मत फुकट देणारा माणूस तीच वस्तू विकत घेणाराही असला, तर त्याचा आकडा मत नव्हेच, सौद्याची सुरुवात आहे.

तरी तोंडी मत निरुपयोगी नाही, आणि तुम्ही सुरुवात तिथूनच करावी. वेळेप्रमाणे पैसे घेणाऱ्या आणि स्वतः खरेदी न करणाऱ्या मूल्यांककाकडून अर्ध्या तासाचं तोंडी मत घ्या, शक्यतो तिघंही समोर असताना. त्याला आकडा विचारूच नका. तीन गोष्टी विचारा : हिरा नैसर्गिक आहे याची खात्री करायला काय लागेल, लेखी मूल्यांकनाचा खर्च करण्याइतकी वस्तू मोलाची आहे का, आणि नखं झिजून हिरा सैल झालाय का. शेवटचा प्रश्न किमतीचा नाही, पण दहा पट भिंगाखाली दोन मिनिटांत उत्तर मिळतं आणि हिरा गमावण्यापासून वाचतो. आईच्या कागदांत जुनी पावती किंवा प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र सापडलं तर बरोबर न्या. काही हिऱ्यांच्या कडेवर लेसरने क्रमांक कोरलेला असतो. तो प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी जुळला तर अर्धं काम झालं. मात्र असं प्रमाणपत्र म्हणजे मूल्यांकन नव्हे. वजन, रंग, शुद्धता, घाट एवढंच त्यात असतं, किंमत नसते. पुष्कळ लोक इथे फसतात.

या बैठकीत हिरा घडवलेला किंवा मॉइसनाइट निघाला, तर लेखी मूल्यांकनाचा विचार सोडा. सोन्याचं वजन आणि कस यावर तिघांनी बसून ठरवलं तरी पुरेल.

हिरा नैसर्गिक निघाला तर लेखी मूल्यांकनाकडे जा. इथे सर्वांत जास्त होणारी चूक अशी की दुकानात ‘व्हॅल्युएशन करून द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा विम्यासाठीचा कागद हातात येतो. त्यातला आकडा नव्याने घेण्याचा असतो, म्हणजे वरच्या उदाहरणातला १००, क्वचित त्याहूनही फुगवलेला. त्यावर सही-शिक्का असल्यामुळे तो जास्त खरा वाटतो, पण वाटणीसाठी तो चुकीचाच. म्हणून काम देतानाच उद्देश लेखी द्या : ‘वारसांमधील वाटणीसाठी, रास्त बाजारमूल्य’. कागदावर तिघांचीही नावं वापरकर्ते म्हणून यायला हवीत. नाहीतर तो तुमच्या एकटीचा कागद ठरतो आणि भावांना त्यावर विसंबता येत नाही.

तारीखही ठरवून द्या. मूल्य नेहमी एका विशिष्ट दिवसाचं असतं. वाटणी आजच्या किमतीने करायची असेल तर आजची तारीख. तुम्ही राहता तिथे वारशावरच्या किंवा पुढच्या विक्रीवरच्या करासाठी आई गेली त्या दिवसाचं मूल्य लागत असेल, तर ती. मूल्यांकक मागच्या तारखेचंही मूल्य काढू शकतो, फक्त त्याला आधी सांगावं लागतं.

कागद हाती आला की शेवटच्या आकड्याकडे जाण्याआधी दोन जागा वाचा. पहिली म्हणजे वर्णन : मिलिमीटरमधली मापं, वजन प्रत्यक्ष केलं की सूत्राने काढलं, हिरा बसवलेल्या स्थितीत पाहिला की काढून, घडवलेला नाही हे कशावरून ठरवलं, फोटो. ‘एक सुंदर हिऱ्याची अंगठी, अंदाजे १ कॅरट’ एवढंच लिहिलं असेल, तर तोंडी अंदाजच छापून दिलाय आणि फी वाया गेली असं समजा. दुसरी जागा म्हणजे आकडा कसा काढला ते. रास्त बाजारमूल्य असेल तर अशाच वापरलेल्या अंगठ्या प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या याचा आधार दिसला पाहिजे. दुकानाच्या खिडकीतली नव्या मालाची मागणी किंमत हा आधार होत नाही. याखेरीज सही आणि वस्तूत आपला काही हितसंबंध नाही असं निवेदन हवं. फी किमतीच्या टक्क्याने मागत असेल तर दुसरा माणूस बघा. आकडा वाढला की ज्याची कमाई वाढते त्याच्याकडून आकडा घेऊ नये. तुम्हाला सांगितलेला दीड टक्का ही ठरावीक फीच आहे ना, हे आधी विचारून घ्या. खर्च तिघांत वाटा, म्हणजे कागदही तिघांचा राहतो.

एका परिस्थितीत मात्र हे सगळं अनावश्यक आहे. उद्या तुमचंच मन बदललं आणि अंगठी विकायचं ठरलं, तर तीन खरेदीदारांकडे जा आणि प्रत्येकाला विचारा, ‘या आकड्याला आत्ता घेता का?’. ‘हो’ म्हणून पैसे पुढे करणाऱ्याचा तोंडी आकडा कुठल्याही मूल्यांकनापेक्षा पक्का, कारण तिथे किंमत प्रत्यक्ष ठरलेली असते.

अंगठी तुमच्याकडेच राहिली तर पुढे विमा काढाल, आणि तेव्हा नव्याने घेण्याच्या किमतीचा कागद लागेलच. मोजणी आणि तपासणी एकदाच होते, म्हणून त्याच भेटीत दोन वेगळी मूल्यं, दोन वेगळ्या कागदांवर मागून घ्या. दुसऱ्या कागदाचे पैसे सहसा पहिल्यापेक्षा कमी पडतात. तो दुसरा खर्च तुमचा एकटीचा. आणि वाटणी होईपर्यंत तो कागद भावांसमोर वाटणीचा आकडा म्हणून ठेवू नका.