राजीनाम्याच्या पत्रात "वैयक्तिक कारण" लिहू नकोस

ऑडिटर म्हणून हा तुझा पहिलाच राजीनामा आहे ना, मग घाई करू नकोस. कंपनीवाले ऑडिटसाठी रेकॉर्ड देत नाहीत हे फोनवर कितीही वेळा बोललास तरी कागदावर काहीच राहत नाही, म्हणून आधी लेखी मागणी कर, कंपनी कायद्यातल्या कलम १४३(१) चा उल्लेख करून, आणि मॅनेजमेंट ऐकत नसेल तर तेच बोर्डाला किंवा ऑडिट कमिटीला कळव. मगच पत्र.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "कामाच्या व्यापामुळे" असं लिहून मोकळं होणं. मीही एकदा तसाच ड्राफ्ट केला होता, सरांनी तो फाडला. मग लिहिलं ते असं: "गोडाऊनचं स्टॉक रजिस्टर आणि तीन पार्टींची लेजर ५, १२ आणि २० जूनला लेखी मागितली, मिळाली नाहीत. त्यामुळे स्टॉक आणि येणी तपासता आली नाहीत." बास. फ्रॉड वगैरे शब्द नकोत, जे पाहिलंच नाही त्यावर आरोप कसा करणार?

राजीनाम्यापासून ३० दिवसांत ADT-3 हा ऑडिटरच्या राजीनाम्याचा फॉर्म भर, त्यातही हेच कारण येऊ दे, पत्रात एक आणि फॉर्ममध्ये दुसरं असं झालं की उत्तरं देत बसावं लागतं.

हँडओव्हरला:
- त्यांचे ओरिजिनल कागद यादी करून परत दे, सही घे.
- वर्किंग पेपर्स आपले, ते द्यायचे नाहीत.
- नवीन ऑडिटरचं पत्र येईल, त्याला खरं कारण लेखी कळव.