‘मजा येत नाही’ म्हणणारा क्लायंट आणि तेरावं डिझाइन

ताई,
मी पाच वर्षं पुण्यात एका एजन्सीत डिझायनर होते, आता स्वतंत्रपणे कामं घेते. सध्या एका घरगुती व्यवसायासाठी कांदा-लसूण मसाल्याचं २०० ग्रॅमचं पाकीट करतेय. पहिलं डिझाइन लाल-काळं होतं. ‘मजा येत नाही’ म्हणाले. मग ‘जरा प्रीमियम हवं’, म्हणून पांढरं-सोनेरी केलं. मग ‘गावरान वाटलं पाहिजे’. मग मुलाने कुठेतरी काळं मॅट पाकीट बघितलं, तसं हवं झालं. काल तेरावं पाठवलं, तर म्हणाले, पहिलंच बरं होतं. मला खरंच काही येतं का, असं वाटायला लागलंय. रात्री फोन वाजला तरी धस्स होतं.
– दमलेली

प्रिय दमलेली,

तुझ्या पत्रातली मागण्यांची साखळी पुन्हा एकदा वाच, पण या वेळी क्लायंटच्या बाजूने. प्रीमियम, गावरान, काळं मॅट: हे तीन वेगवेगळे गिऱ्हाईक आहेत. पांढरं-सोनेरी पाकीट मॉलमधल्या बाईसाठी, गावरान पाकीट गावाची आठवण येणाऱ्या शहरी माणसासाठी आणि काळं मॅट ऑनलाइन मागवणाऱ्या तरुणासाठी. आपला मसाला नेमका कोण विकत घेणार, हे त्या घरात अजून ठरलेलंच नाही. जी चर्चा त्यांनी आपसात करायला हवी होती, ती ते तुझ्या डिझाइनवर करत आहेत. नवं चित्र आलं की घरातल्या कुणाला तरी कळतं की आपल्याला हे नको होतं. हा प्रश्न चौदाव्या डिझाइनने सुटणार नाही, कारण तो डिझाइनचा नाहीच.

आणि पहिल्यावर ते परत आले, त्याचाही अर्थ लाव. पहिलं बघताना त्यांच्यापुढे तुलनेला काही नव्हतं. बाकीचे सगळे पर्याय बघून झाल्यावर तेच उरलं.

एजन्सीत आणि आता यात एक मोठा फरक आहे, तो तुझ्या लक्षात आलाय की नाही, माहीत नाही. तिथे क्लायंट आणि तू यांच्या मधे सर्व्हिसिंगची माणसं होती. ‘मजा येत नाही’ तिथेही म्हणत असणारच, पण तुझ्या टेबलावर येईपर्यंत त्याचं ‘नाव ठळक करा’ झालेलं असायचं. शिवाय आर्ट डायरेक्टर शेजारी बसून सांगायचा की हे जमलंय, हे नाही. आता ते शब्द रात्री अकरा वाजता कच्चेच्या कच्चे तुझ्या फोनवर येतात आणि शेजारी कुणी नसतं. गाळणारं माणूस गेलंय, कसब गेलेलं नाही. त्यामुळे ते गाळायचं काम आता तुलाच करावं लागेल.

कसं, ते सांगते. ‘मजा येत नाही’ आलं की कॉम्प्युटर उघडायचा नाही, फोन करायचा. कुणाकुणाला दाखवलंत? बघताक्षणी काय खटकलं? स्वस्त वाटलं, की दुसऱ्या कुणाच्या पाकिटासारखं वाटलं? चार-पाच मिनिटांत बहुतेक वेळा खरी तक्रार बाहेर येते. लोक तक्रार न सांगता उपाय सांगतात. ‘लोगो मोठा करा’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा लाल जमिनीवरचं काळं नाव उठून दिसत नसतं. तिथे लोगो दुप्पट केलास तरी समाधान होणार नाही. भोवती मोकळी जागा सोड, नाव पांढरं कर, मग बघ.

दुसरं म्हणजे ते पाकीट बघतात कुठे? व्हॉट्सअॅपवर, बोटभर आकारात. मावशी, जावई, शेजारी सगळे तसंच बघतात आणि मत देतात. तिथे आवडनिवड सोडून बोलायला काही नसतंच. म्हणून पहिलं डिझाइन खऱ्या मापात छापून घे, भरलेल्या पाकिटावर चिकटव आणि ओळखीच्या किराणा दुकानात इतर मसाल्यांच्या रांगेत ठेव. गिऱ्हाईक उभं राहतं तिथून फोटो काढ. मग क्लायंटला ‘आवडलं का’ असं विचारू नकोस. नाव वाचता येतंय का? कांदा-लसूण मसाला आहे हे कळतंय का? रांगेत हरवतंय का? या तिन्हींची उत्तरं डोळ्यांना दिसतात, त्यावर वाद फार चालत नाही. याच वेळी त्यांना सांग की पडद्यावरचा भडक लाल छपाईत थोडा दबतो. नाहीतर पाकिटं आल्यावर तीच तक्रार तुझ्या नावावर येईल.

आता पैशांचं. बदल फुकट असले की मत बदलायला काही लागत नाही. पुढच्या कोटेशनमध्ये लिही: निम्मी रक्कम आगाऊ, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे. फेरी म्हणजे काय, तेही लिही: घरातल्या सगळ्यांची मतं गोळा करून एकाच माणसाने एकदाच लेखी पाठवायची. दिशाच बदलली, म्हणजे लालवरून पांढरं-सोनेरी झालं, तर ती दुरुस्ती नाही, नवं काम आहे. या चालू कामात तेरा झालीच आहेत, मागचं उकरू नकोस. त्यांना एवढंच लिही: ‘पहिलं डिझाइन पक्कं धरून पुढे जाते. त्यातले किरकोळ बदल तुमच्यापैकी एकाने गुरुवारपर्यंत एकत्र कळवावेत. वेगळी दिशा हवी असल्यास वेगळं कोटेशन देईन.’ आणि छपाईचं कारण दे. अशी पाकिटं ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात तेव्हा प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. तो कोरल्यावर मत बदललं तर खर्च त्यांच्या खिशातून जातो. धंदा करणाऱ्या माणसाला हे लगेच समजतं.

राहिला तुझा मुख्य प्रश्न. नाराजीवरून कसब मोजता येत नाही. नायकीची ती बाकदार खूण कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१ मध्ये ३५ डॉलरला करून दिली. कंपनीचे सहसंस्थापक फिल नाइट यांना ती तेव्हा फारशी आवडली नव्हती. मुदत जवळ आली होती म्हणून त्यांनी घेतली. पहिल्या नजरेच्या आवडीला तू किती वजन द्यावंस, ते यावरून ठरव.

पण सगळीच नापसंती क्लायंटच्या गोंधळातून येते, असंही मी म्हणणार नाही. शाकाहारी असल्याची हिरवी खूण, निव्वळ वजन, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक यातलं काही सुटलं, तर ती तुझीच चूक, तिथे आवडीचा प्रश्न नाही. आणि एकमेकांना न ओळखणारे क्लायंट वेगवेगळ्या कामांवर तीच गोष्ट बोलायला लागले, समजा ‘अक्षर बारीक आहे’, तर तिथे नक्की शिकण्यासारखं आहे. यासाठी एक वही ठेव. आलेला शेरा त्यांच्याच शब्दांत लिही, शेजारी फोनवर कळलेली खरी तक्रार लिही. काही महिन्यांनी वाचलीस की कुठला शेरा एकाच घरातून आला आणि कुठला सगळीकडून, ते दिसेल. मला वाटतं या मसाल्याच्या पानावर तुझ्या हाताबद्दल फारसं काही निघणार नाही.

आर्ट डायरेक्टरची जागाही भरून काढ. एजन्सीतल्या एखाद्या जुन्या मैत्रिणीला काम क्लायंटकडे जायच्या आधी दाखव, तिचं तू बघ. हे पाकीट कुणासाठी आहे ते आधी सांगून मग दाखव, नाहीतर तीही आवडीवरच बोलेल. आणि रात्री आठनंतर क्लायंटचे मेसेज बघू नकोस. रात्री उत्तर दिलं नाही म्हणून त्यांचं काही अडत नाही.

तरीही गुरुवारनंतर चौदावी दिशा आलीच आणि नव्या कोटेशनला ते तयार नसतील, तर झालेल्या कामाचं बिल दे. बाकी रक्कम जमा झाली की पहिल्या डिझाइनची छपाईची फाइल त्यांच्या हवाली कर आणि पुढचं काम घे.

तुझी ताई