वेण्यांनी ओढलेलं डोकं

प्रिय मुली,

तुझा निरोप वाचला. दिवसभर उंच पोनी बांधलीस की संध्याकाळी कपाळ ठणकायचं, आणि आता एक्स्टेन्शन लावून बारीक वेण्या घातल्यापासून डोकं उशीला टेकवत नाही म्हणतेस. चष्म्याचा नंबर बदलला असेल का, असं तुला वाटतंय. नंबर तपासून घे, हरकत नाही. पण मी आधी केसांकडे बघेन.

केस कापताना दुखत नाही, कारण केसात मज्जातंतू नसतात. त्याच्या मुळाभोवती मात्र त्यांचं बारीक जाळं असतं, आणि केस नुसता वाकला तरी ते जागं होतं. उंच पोनीत पुढचे, बाजूचे, मानेवरचे असे सगळे केस तासन्‌तास एकाच बिंदूकडे ताणलेले राहतात. शिवाय टाळूच्या मागच्या भागातल्या नसा मानेतून येतात आणि कपाळातल्या नसा चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेतून, पण दोन्हींच्या वेदनेचे संदेश आत एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. म्हणून रबर मागे असलं तरी कपाळ दुखू शकतं. डोळ्यांवर संशय जातो तो यामुळेच.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या दुखण्याला स्वतंत्र जागा आहे. ओढ असेपर्यंतच ते राहतं, ओढीच्या जागी सर्वात जास्त असतं आणि ओढ काढल्यावर तासाभरात थांबतं. परीक्षाही यातच आली. पुढच्या वेळी पोनीने डोकं धरलं की गोळी न घेता केस पूर्ण सोड आणि घड्याळ बघ. तासाभरात उतरलं तर कारण सापडलं. केस मोकळे असूनही ठणका चालू राहिला, उजेड नको झाला, मळमळलं, तर मायग्रेन असू शकतं. अशा माणसांत घट्ट केस हे नुसतं निमित्त ठरतं. त्यासाठी डॉक्टरच हवेत.

सोडल्या सोडल्या कंगवा फिरवू नकोस. दिवसभर एका बाजूला झुकलेली मुळं उलट दिशेला वळवली की कळ येते. बोटांची पेरं टाळूवर टेकवून कातडीच हळूहळू इकडून तिकडे सरकव.

पोनी सोडता येते, वेण्यांचं काय? खालून कितीही सैल केल्या तरी ओढ मुळाजवळच्या पहिल्या दोन-तीन वेढ्यांत असते. त्यामुळे आरशासमोर बस आणि एकेक वेणी मुळाशी हलकेच वाकवून बघ. जिथे कातडी वेणीबरोबर टेकडीसारखी उचलली जाते किंवा हात लागताच कळ येते, ती दोषी. बहुतेकदा या कपाळाच्या कडेला, कानशिलांवर आणि मानेच्या काठावर सापडतात, आणि तेवढ्याच सोडाव्या लागतात. तुझे स्वतःचे केस वेणीत कुठपर्यंत आहेत ते बोटांनी चाचप, त्याच्या बऱ्याच खाली कात्री लाव आणि टोकाकडून उलगडत वर जा. सगळ्याच दुखत असतील तर सगळ्या काढ. पैसे गेल्याचं वाईट वाटेल, मला समजतं, पण ‘पहिले काही दिवस दुखतंच’ हे वाक्य मला अजिबात मान्य नाही.

काढेपर्यंत त्या वेण्या डोक्यावर गोळा करून बांधू नकोस, वजन पुन्हा त्याच मुळांवर येतं. कोमट ओल्या कापडाने थोडं बरं वाटेल, ओढ मात्र तेवढीच राहील. गोळीचंही तेच: ती दुखणं झाकते. साधी वेदनाशामकंसुद्धा महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, महिनोन्‌महिने घेतली तर त्यांचीच डोकेदुखी मागे लागू शकते.

केसांच्या रेषेवर पुटकुळ्या, तुटके आखूड केस किंवा मागे सरकलेलं कपाळ दिसलं, तर हे डोकेदुखीच्या पुढे गेलंय असं समज. लवकर थांबवलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू ठेवलं तर मुळांच्या जागी व्रण पडतो आणि मग येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. आणि दुखणं अचानक, कधी नव्हे इतकं तीव्र उठलं, किंवा सोबत ताप, मान आखडणं, हातापायात अशक्तपणा, दृष्टी बिघडणं असं काही असलं, तर केसांचा विचार सोडून थेट दवाखाना गाठ.

रोजची पोनी मानेजवळ, रुंद कापडी रबराने बांध, आणि दिवसातून एकदा तिची जागा बदल. पुन्हा वेण्या घालायच्याच असतील तर कडेच्या जाड ठेवायला सांग, त्यांत खोटे केस कमी घालायला लाव. पहिल्या चार-पाच वेण्या झाल्या की खुर्चीत बसल्या बसल्याच भुवया उंचाव. कातडी ताणलेली जाणवली तर तिथल्या तिथे उलगडायला सांग.

तुझी,
मावशी