‘रिप्लेसमेंट इफेक्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अर्थशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. त्यात ‘रिप्लेसमेंट इफेक्ट’ आलंय: निर्धास्त मक्तेदाराला खर्च कमी करणाऱ्या शोधातून नवख्यापेक्षा कमी मिळतं, असं काहीसं. मी ‘प्रतिस्थापन परिणाम’ लिहिलं. संपादक म्हणतात, तो शब्द दुसऱ्याच गोष्टीसाठी वापरतात. मग काय लिहू? आणि नक्की कशाच्या जागी काय येतं?

उत्तर: संपादकांचं बरोबर आहे. चहा महागला म्हणून लोक कॉफीकडे वळतात, त्या ‘सब्स्टिट्यूशन इफेक्ट’साठी ‘प्रतिस्थापन परिणाम’ आणि ‘पर्यायता परिणाम’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे वापरले जातात. तोच शब्द इथे आला तर वाचक गिऱ्हाइकाच्या निवडीचा विचार करू लागेल, आणि इथे गिऱ्हाइकाचा प्रश्नच नाही. शब्द सुचवण्याआधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

समजा, एका मासेमारी बंदरावर बर्फाचा एकच कारखाना आहे. एक लादी तयार करायला ८० रुपये लागतात. दर १०० रुपये झाला तर एकही लादी खपत नाही, मच्छीमार शेजारच्या बंदरावरून बर्फ आणतात. त्याखाली दर एक रुपयाने उतरला की रोज एक लादी जास्त खपते. मालकाने ९० रुपये दर ठेवला तर १० लाद्या जातात, लादीमागे १० रुपये सुटतात, म्हणजे रोजचा नफा १०० रुपये. ८९ केला तर ११ लाद्या आणि ९ रुपये, म्हणजे ९९. ९१ केला तरी ९९च. तेव्हा ९० हाच त्याचा दर.

आता असं यंत्र आलं की लादी ४० रुपयांत पडते. सगळ्यात फायद्याचा दर ७० होतो, ३० लाद्या खपतात, लादीमागे ३० रुपये, रोजचे ९००. मालकाने यंत्र घेतलं तर ९०० मिळतात, पण १०० त्याला आधीही मिळतच होते. यंत्रामुळे पदरात जास्तीचे पडले ते ८००. तेच यंत्र बंदरावर नव्याने आलेल्या माणसाने घेतलं तर? तोही ७० रुपयांना विकेल. जुन्याला लादीच ८० ला पडते, तो या दरात टिकत नाही. नवख्याला ९०० मिळतात आणि कालपर्यंत त्याचं इथे काहीच नव्हतं, म्हणून ते सगळे ९०० जास्तीचे.

यंत्राचा हप्ता रोजचा ८५० रुपये असेल तर? नवख्याला ५० रुपये सुटतात, तो यंत्र घेईल. मालकाला हप्ता भरून ५०च उरतात, आज तर १०० सुटताहेत. तो घेणार नाही, आणि त्याचा हिशेब चोख आहे. त्याला आळशी किंवा जुन्या वळणाचा म्हणायचं कारण नाही.

तर जागा बदलते ती नफ्याची. मालकाचा नवा नफा जुन्या नफ्यात भर घालत नाही, त्याला उठवून त्याच्या जागी बसतो. दोघांच्या लाभातला फरक बरोबर १०० रुपये आला, म्हणजे जुन्या नफ्याएवढाच. हा मुद्दा केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ च्या निबंधात मांडला. नाव रुळलं ते नंतर, ज्याँ तिरोल यांच्या १९८८ च्या पाठ्यपुस्तकामुळे.

माझ्या मनात यासाठी शब्द येतो तो गिरणगावातला: बदली. कायमचा कामगार खाड्यावर असला की त्याच्या मागावर बदली कामगार उभा राहायचा. माणूस नवा आला, पण मागावरची माणसं एकाने वाढली नाहीत. मालकाच्या नफ्याचं हेच होतं. म्हणून मी ‘नफा-बदली परिणाम’ लिहीन. नुसतं ‘बदली परिणाम’ नको, सरकारी बदलीची आठवण होते. पहिल्यांदा येईल तिथे ‘जुन्या नफ्याच्या जागी नवा नफा येणे’ एवढं उलगडून लिहा, पुढे जोडशब्द पुरेल. ‘विस्थापन’ही सुचेल, पण मराठीत तो शब्द धरणग्रस्तांचा झालाय. तो हलक्या हाताने वापरवत नाही.

एक गल्लत अनुवादात हमखास शिरते. ‘रिप्लेसमेंट’ म्हटल्यावर जुन्या यंत्राच्या जागी नवं यंत्र, असं वाटतं. पोलादाचं उदाहरण बघा. वितळलेल्या लोखंडावर शुद्ध ऑक्सिजन फुंकून पोलाद करायची स्वस्त रीत १९५२ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझला चालू झाली. अमेरिकेत ती १९५४ मध्ये पहिल्यांदा आणली मॅक्लाउथ या छोट्या कंपनीने. यू. एस. स्टील ही तेव्हाची तिथली सगळ्यात मोठी पोलाद कंपनी, तिने ती १९६० च्या दशकात घेतली. हा आपलाच परिणाम, असं चटकन म्हणावंसं वाटतं. पण तिच्याकडे जुन्या पद्धतीच्या भट्ट्या उभ्या होत्या आणि त्यांचा पैसा घालून झाला होता. अशा वेळी जुनी भट्टी नुसती चालवायचा खर्च एका बाजूला आणि नवी बांधून चालवायचा पूर्ण खर्च दुसऱ्या बाजूला, अशी तुलना होते. हे भट्टीचं गणित आहे, ज्या कंपनीला चुरशीमुळे खर्चावर दमडी सुटत नाही तीही तसंच थांबली असती. शिवाय यू. एस. स्टील एकटी मक्तेदारही नव्हती.

ओळखायची खूण अशी: जुना वरकड नफा मनातल्या मनात शून्य करा. तरीही मालक थांबला असता, तर कारण यंत्रात आहे. थांबला नसता, तर ती नफा-बदली. आपल्या बर्फवाल्याचं जुनं यंत्र रोजच्या भाड्याचं असतं, उद्या परत करता आलं असतं, तरी ८५० च्या हप्त्याला त्याने नकोच म्हटलं असतं.

आता ‘निर्धास्त’ या शब्दाबद्दल. तुमच्या वाक्यात तो आहे, तो अनुवादात गाळू नका. समजा यंत्र साधंच आहे, लादी ८० वरून ७० वर येते. मालक घेईल तर ८५ दराने १५ लाद्या, नफा २२५, जास्तीचे १२५. नवख्याला दर ८० च्या वर नेता येत नाही, नाहीतर जुना त्याच्याखाली विकेल. म्हणून त्याला ८० च्या जरासं खाली २० लाद्या, साधारण २०० रुपये. इथवर नवख्याचाच लाभ मोठा. पण मालकाला कळलं की आपण नाही घेतलं तर यंत्र नवखा नेणारच, तर चित्र फिरतं. आता त्याचे जुने १०० तसेही जाणार, म्हणून त्याची तुलना २२५ आणि शून्य यांत होते. यंत्राचा लिलाव झाला तर तो २२५ पर्यंत जाईल, नवखा २०० वर थांबेल. ही उलटी बाजू गिल्बर्ट आणि न्यूबेरी यांनी १९८२ मध्ये मांडली. तिला ‘एफिशियन्सी इफेक्ट’ म्हणतात. तुमच्या लेखात पुढे तो आला तर ‘कार्यक्षमता परिणाम’ चालेल, त्या शब्दाला मराठीत दुसरा दावेदार नाही.