फोटोतलं हाड फीमर की ह्युमरस?

फोटोत मांडीचं फीमर, दंडाचं ह्युमरस न नडगीचं टिबिया ही हाडं सारखीच दिसतात, कशी ओळखायची?

लांबीवर जाऊ नका, आधी वरचं टोक बघा. वर गोळाच नाही, सपाट पाटासारखं आहं तर टिबिया. गोळा असला तर मान बघायची, फीमरचा गोळा लांब मानेवर तिरका बाहेर आलेला असतो न त्यावर छोटा खड्डा असतो, ह्युमरसचा अर्धगोल थेट दांड्यालाच चिकटल्यासारखा.

सोलापुरात आमच्याकडं एका पोरीनं क्लोजअप बघून फीमर लिहिलं, फोटोत स्केल नव्हती म्हणून हाड मोठं वाटलं, वरचं टोकपण तुटलेलं, मग खाली बघितलं तर रिळासारखा भाग न मागं कोपराचा खोल खड्डा, म्हणजे ह्युमरसच! फीमरला तिथं गुडघ्याचे दोन जाड गोल उंचवटे दिसले असते.