कॅश फ्लो स्टेटमेंट नसताना फ्री कॅश फ्लो कसा काढायचा?

प्रश्न: नात्यातल्या एकांच्या टॉवेल कारखान्यात पैसे घालायचा विचार आहे. त्यांनी नफातोटा पत्रक आणि दोन वर्षांचे ताळेबंद दिलेत, कॅश फ्लो स्टेटमेंट नाही. नफा चांगला दिसतो, पण बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज, म्हणजे सीसी वाढतच चाललीय. यातून फ्री कॅश फ्लो कसा काढायचा?

उत्तर: कॅश फ्लो स्टेटमेंट दिलं नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका. छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला ते जोडायची कायद्याने सक्ती नाही. मी सोलापुरात कारखान्यांच्या कर्जाच्या फायली तयार करतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बऱ्याच फायलींत ते नसतंच, आणि दोन ताळेबंद असले की ते घरी बसून काढता येतं. फ्री कॅश फ्लो म्हणजे धंद्याने रोखीत कमावलेल्या पैशातून मशिनरीवर गेलेला पैसा वजा करून उरतो तो.

एका टेरी टॉवेल युनिटचे आकडे घेतो. ओळख पटू नये म्हणून ते बदलून गोल केलेत. सगळे लाखांत आहेत. विक्री ६०० (आदल्या वर्षी ५४०). सूत, मजुरी, लाइट बिल वगैरे चालू खर्च ५१०, घसारा २४, व्याज २०. जुने माग विकून झालेला नफा २. कर १२ जाऊन निव्वळ नफा ३६. ताळेबंद असा:

| | मार्च २०२४ | मार्च २०२५ |
|---|---|---|
| स्थिर मालमत्ता (घसारा वजा) | १६० | १७६ |
| येणी | ९५ | १२८ |
| शिल्लक माल | ८० | १०२ |
| सूतवाल्यांना दिलेले अ‍ॅडव्हान्स | १० | १२ |
| रोख व बँक | ७ | ५ |
| सूतवाल्यांची देणी | ६० | ७४ |
| मजुरी, बोनस, लाइट बिल देणं | १२ | १३ |
| मशिनवाल्याचं देणं | ० | ८ |
| सीसी | ८० | १०७ |
| मुदत कर्ज | ६४ | ४९ |
| भांडवल व राखीव निधी | १३६ | १७२ |

सुरुवात निव्वळ नफ्यापासून, म्हणजे ३६. घसाऱ्याला खिशातून पैसा जात नाही, म्हणून २४ परत मिळवा. जुन्या मागांवरचे २ वजा करा, कारण ते पैसे टॉवेल विकून आलेले नाहीत. मशिनरीच्या हिशोबात ते पुढे येतील. झाले ५८. बरेच जण इथेच थांबतात आणि "वर्षाला ५८ लाख सुटतात" म्हणून मोकळे होतात. खरा हिशोब इथून पुढे आहे.

आता खेळतं भांडवल. नियम एवढाच की येणी, माल, अ‍ॅडव्हान्स वाढले तर पैसा अडकला आणि देणी वाढली तर तेवढा पैसा हातात राहिला. इथे येणी ३३ ने, माल २२ ने आणि अ‍ॅडव्हान्स २ ने वाढले, म्हणजे ५७ अडकले. सूतवाल्यांकडून १४ आणि इतर खर्चाच्या देण्यांतून १ मिळाला. निव्वळ ४२ गेले. ५८ मधून ४२ गेले की उरतात १६. धंद्याने वर्षभरात, व्याज आणि कर भागवून, रोखीत कमावलेली रक्कम ही.

या पायरीवर दोन ओळी हमखास चुकीच्या जागी बसतात. पहिली सीसी. ताळेबंदात ती चालू देण्यांच्या शेजारी दिसते, म्हणून लोक तिला सूतवाल्याच्या देण्याबरोबर धरतात. ती बँकेची उधारी आहे, धंद्याची नव्हे. तिची २७ ची वाढ इथे धरली तर १६ चे थेट ४३ होतात आणि सगळं आलबेल वाटायला लागतं. मुदत कर्जाच्या पुढच्या वर्षीच्या हप्त्यांनाही हेच लागू. दुसरी ओळ मशिनवाल्याच्या ८ लाखांची. हे बहुतेक वेळा "इतर चालू देणी" या गोळा आकड्यात लपलेलं असतं, म्हणून त्या आकड्याची फोड मागून घ्या. ते खेळत्या भांडवलात धरलं तर शेवटचं उत्तर बदलत नाही, पण १६ च्या जागी २४ दिसतात. तुम्ही पुढच्या वर्षांचा अंदाज त्या २४ वर बांधाल, आणि मशिनवाला काही दरवर्षी उधारी देणार नाही.

मग मशिनरीवर गेलेला पैसा. तो कुठेच लिहिलेला नसतो, उलटा काढावा लागतो. स्थिर मालमत्ता १६० ची १७६ झाली, म्हणजे १६ वाढली. मधे २४ घसारा पडला, तरीही वाढली, म्हणजे निदान ४० चा पैसा घातला गेला. त्यातून जुने माग विकल्याचा नफा २ वजा केला की ३८ येतात. हा खरेदीतून विक्रीची रक्कम वजा केलेला निव्वळ आकडा आहे, त्यामुळे माग कितीला गेले आणि त्यांची पुस्तकी किंमत काय होती हे माहीत नसलं तरी अडत नाही. या ३८ पैकी ८ मशिनवाल्याचे द्यायचेच आहेत, म्हणून यंदा रोखीत गेले ३०. नवे माग येऊन पडले पण बसवले नसतील तर ते वेगळ्या ओळीत, "प्रगतिपथावरील भांडवली काम" म्हणून असतात. तो आकडा स्थिर मालमत्तेत मिळवूनच वजाबाकी करा. आणि जमिनीचं पुनर्मूल्यांकन केलं असेल तर तेवढी वाढ बाजूला काढा, नाहीतर न केलेली खरेदी दिसेल.

१६ वजा ३०, म्हणजे फ्री कॅश फ्लो उणे १४.

हे बरोबर आलं का, ते दुसऱ्या बाजूने तपासता येतं. १४ कमी पडले तर ते कुठून तरी आलेच पाहिजेत. सीसी २७ ने वाढली, मुदत कर्ज १५ ने कमी झालं, म्हणजे बँकेकडून निव्वळ १२ आले. रोख ७ ची ५ झाली, ते २. बेरीज १४. जुळलं. फरक उरला तर आधी भांडवलाची ओळ बघा. तिथली वाढ नफ्याएवढीच असली पाहिजे. इथे १३६ आणि ३६ मिळून १७२ होतात. जास्त असेल तर कुणी पैसे आणले, कमी असेल तर लाभांश म्हणून काढले. संचालकांचं विनातारण कर्ज असेल तर तेही कर्जाच्या बाजूला मोजा. तरीही जुळलं नाही तर कराची तरतूद आणि भरलेला अ‍ॅडव्हान्स टॅक्स यांतला फरक तपासा.

तुमच्या "सीसी वाढतच चाललीय" याचं उत्तर इथे आहे. कमावलेल्या १६ मधून बँकेचे १५ चे हप्ते कसेबसे गेले. नवे माग घ्यायला ३० लागले, आणि नवीन मुदत कर्ज तर घेतलेलं नाही. मालक म्हणतील, सीसी वाढलेल्या मालावर आणि येण्यांवर मिळाली. कागदावर तेही खोटं नाही. पण ती येणी का वाढली ते बघा. विक्री वाढली ११ टक्के, येणी वाढली ३५ टक्के. दिवसांत मांडलं तर उधारी ६४ दिवसांवरून ७८ वर गेली. (येण्यांत जीएसटी असतो आणि विक्रीत नसतो, म्हणून हे दिवस किंचित फुगलेले आहेत, दोन्ही वर्षांना सारखेच फुगलेले असल्यामुळे तुलना बिघडत नाही.) उधारी ६४ दिवसांवरच ठेवली असती तर येणी साधारण साडेएकशेपाच झाली असती आणि सुमारे साडेबावीस लाख मोकळे राहिले असते. उणे १४ च्या जागी अधिक साडेआठ. म्हणजे ३३ पैकी जेमतेम एक तृतीयांश वाढ धंदा वाढल्याची, बाकी व्यापाऱ्यांना जास्त दिवस दिल्याची. विक्रीचे वाढलेले ६० लाख तसे तर मिळाले नाहीत ना, हे मी मालकांना तोंडावर विचारेन. नात्यात अवघड जातं, पण विचारा.

हा उणे १४ व्याज भरल्यानंतरचा आकडा आहे. कर्ज बाजूला ठेवून नुसत्या धंद्याची किंमत काढायची असेल तर व्याज परत मिळवतात, पण व्याजामुळे वाचलेला कर वगळून. कर २५ टक्के धरला तर २० वर ५ वाचतात, म्हणून १५ मिळवा. येतो अधिक १. कुणी बँकेकडून आलेले १२ मिळवून "भागधारकांचा फ्री कॅश फ्लो फक्त उणे २" असंही दाखवेल. व्याख्येत ते बसतं. पैसे घालणाऱ्याने त्यावर विसंबू नये असं माझं मत, कारण सीसीला मर्यादा असते आणि ती भरली की हा आधार संपतो.

हा आकडा कशाने फसतो आणि कशाने नाही, हे पैसे घालण्याआधी समजून घ्या. कुणी शिल्लक माल १० लाखांनी फुगवून दाखवला तर नफा १० ने वाढतो, पण खेळत्या भांडवलात अडकलेला पैसाही १० ने वाढतो. कराचा फरक सोडला तर फ्री कॅश फ्लो जागचा हलत नाही. मार्चअखेरीस मित्राच्या नावावर खोटं उधारीचं बिल फाडलं तरी तेच.

देणी लांबवली की मात्र आकडा हलतो. सूतवाल्याचे २० लाख ३१ मार्चला न देता ५ एप्रिलला दिले की वर्षाचा फ्री कॅश फ्लो फुकटात २० ने सुधारतो. याच्या उलटही होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत दिली नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षीच करात वजा मिळतो. १९६१ च्या आयकर कायद्यातलं हे ४३बी(एच) कलम कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झालं. तेव्हापासून अशी बिलं मार्च संपायच्या आत घाईने चुकवणारेही असतात, आणि त्यांचा आकडा एका दिवसापुरता उगाच वाईट दिसतो.

म्हणून ताळेबंदाबरोबर दोन गोष्टी मागा. मार्च ते जून या चार महिन्यांचा सीसीचा बँक स्टेटमेंट, आणि ३१ मार्चच्या येण्यादेण्यांची नावनिशीवार यादी, कोणतं बिल किती दिवसांचं आहे त्यासकट. एप्रिल ते जूनमध्ये कुणाचे पैसे आले आणि कुणाला गेले हे स्टेटमेंटवरून यादीवर टिक करत जा. जूनअखेर ज्या येण्यांवर टिक नसेल ती तुमच्या १२८ मधून वेगळी लिहा, आणि किती किमतीला हिस्सा घ्यायचा हे त्यानंतरच बोला.